आवाज चढवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

«टेम्पो म्हणजे ताल. पिच म्हणजे आवाज किती मोठा. वरच्या पट्टीत गायचं तर जोर लावा, आणि गाणं जलद घेतलं की पट्टी आपोआप चढते. आपलं सप्तक सात स्वरांचं, इंग्रजी ऑक्टेव्ह आठ स्वरांचा, म्हणून तो एका स्वराने मोठा. मुलांना एवढं पाठ करून द्या, संगीताचा पेपर झाला.»

गॅदरिंग जवळ आलं की हा मेसेज खान्देशातल्या शाळांच्या ग्रुपवर हमखास फिरतो. यंदा मला तो चार ठिकाणांहून आला.

जोराचं आधी बघू, कारण मुलांचे गळे तिथेच बसतात. वर्गातली पेटी घ्या. काळी एक दाबून ठेवा आणि भाता हळू चालवा. मग तीच पट्टी दाबलेली ठेवून भाता जोरात मारा. आवाज मोठा झाला, पण स्वर तोच राहिला. फार जोर केलात तर तो चढणार नाही, उलट किंचित उतरेल. आता काळी पाचवर बोट ठेवा आणि भाता अगदी अलगद हलवा. आवाज बारीक, पण स्वर आधीच्यापेक्षा उंच. मोठं-बारीक आणि उंच-खाली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिच म्हणजे दुसरी.

आमच्याकडच्या मुलांना हे आखाजीच्या झोक्यावरून चटकन कळतं. निंबाला बांधलेल्या झोक्याला जोरात ढकललं तर तो लांबवर जातो, पण जाऊन परत यायला वेळ जवळपास तितकाच लागतो. तो वेळ बदलायचा तर दोर आखूड करावा लागतो. चार मीटरच्या दोराला एका हेलकाव्याला साधारण चार सेकंद लागतात, एक मीटरच्या दोराला दोनच. झोका किती लांब गेला, तो झाला आवाजाचा मोठेपणा. ठरावीक वेळात किती हेलकावे झाले, ते झालं पिच. फरक इतकाच की पेटीतली काळी एकची पत्ती, मधल्या सप्तकातली, एका सेकंदात सुमारे २७७ वेळा हलते. सेकंदाला किती हेलकावे, या मापालाच हर्ट्झ म्हणतात.

मेसेज लिहिणाऱ्याची चूक मात्र मला समजते. माणसाच्या गळ्यात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात. ओरडलं की पिच खरोखर वर जातं. शिवाय आपली भाषाही गोंधळ घालते. भांडणात आवाज चढतो तो मोठा होतो आणि गाण्यात चढतो तो उंच होतो, शब्द मात्र एकच. म्हणून मी वर्गात «आवाज चढव» म्हणतच नाही. «मोठ्याने म्हण» किंवा «वरचा स्वर लाव» म्हणतो.

वेगाचं प्रकरण यातूनच निघतं. चाळीसगावकडच्या एका शाळेत मी काही दिवस गाणं बसवायला जात होतो. आठवीच्या मुलींचं स्वागतगीत काळी चारमध्ये धरलेलं, आणि अंतरा तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत जाणारा. तिथे पोचल्यावर निम्म्या मुली गप्प व्हायच्या आणि उरलेल्या किंचाळायच्या. बाईंनी हाच मेसेज वाचलेला. त्यांनी लय उतरवली, मिनिटाला १०० मात्रा होत्या त्या ८० केल्या, म्हणजे पट्टीही उतरेल. झालं उलटंच. पट्टी होती तिथेच राहिली आणि तो अवघड मध्यम मुलींना आधीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवावा लागला. तिसऱ्या दिवशी एक पोरगी येऊन म्हणाली, «सर, मना गया बसना.»

आम्ही लय परत १०० वर नेली आणि सा काळी चारवरून काळी तीनवर आणला, म्हणजे पेटीवर दोन पट्ट्या खाली. तार मध्यम सुमारे ५५४ हर्ट्झचा होता, तो ४९४ च्या आसपास आला. गाणं तितकंच जलद, पण सगळ्या मुलींच्या गळ्यातून निघालं. लय म्हणजे टेम्पो, आणि पट्टी ठरते पिचवर. एकीला हात लावला म्हणून दुसरी हलत नाही.

दोन्ही एकदम बदलल्याचं जुन्या मंडळींनी ऐकलेलं असतं, ते कॅसेटवर. टेपची मोटर मंदावली की फीत हळू सरकते, मग मात्राही लांबतात आणि हेलकावेही कमी होतात. आमचं तेच गाणं कॅसेटवरून दोन पट्ट्या उतरवायचं असतं तर टेप ८९ टक्के वेगाने चालवावी लागली असती, आणि लय १०० ची ८९ झाली असती. हा गुण यंत्राचा आहे, गाण्याचा नाही. आता मोबाइलवर व्हिडिओ सव्वापट वेगाने लावा. बोलणारा भराभर बोलतो, पण आवाज चिरका होत नाही, कारण सॉफ्टवेअर पिच सांभाळून फक्त वेळ आवळतं.

यापेक्षा रोकडा पुरावा रोज सकाळी परिपाठात मिळतो. पेटीशिवाय म्हटलेली प्रार्थना संपेपर्यंत जलद झालेली असते, आणि पट्टी बहुतेक वेळा खाली घसरलेली असते. सुरुवातीचा सा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि शेवटच्या साशी ताडून बघा.

ताल आणखी वेगळा. केरवा आठ मात्रांचा आहे: धा गे ना ति न क धि न. मिनिटाला ६० मात्रांनी एक आवर्तन आठ सेकंदांत होतं, १२० ने चार सेकंदांत. टेम्पो दुप्पट झाला, तरी तो केरवाच. उलट ६० च्याच लयीत धा धी ना धा ती ना वाजवा. टेम्पो तोच, पण ताल दादरा झाला, सहा मात्रांचा. ऱ्हिदम हा यांहून मोकळा शब्द आहे. कुठे आघात, कुठे लांब, कुठे आखूड, कुठे गप्प, ही सगळी ठेवण त्यात येते. तालाच्या त्याच चौकटीत दोन गाण्यांचा ऱ्हिदम निराळा असू शकतो.

राहिलं सात आणि आठ. गावचा बाजार शनिवारी भरतो. या शनिवारपासून मोजायला लागलात तर पुढचा शनिवार आठवा येतो. म्हणून आपण आठवडा म्हणतो, आणि त्याच मुदतीला सप्ताहही म्हणतो. सप्ताह सात दिवसांचा आणि आठवडा एका दिवसाने मोठा, असं कोणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. सा रे ग म प ध नी ही सात नावं, आणि आठवा पुन्हा सा. मोजताना तो शेवटचा सा धरला की ऑक्टेव्ह, नाही धरला की सप्तक. अंतर एकच: वरच्या साचे हेलकावे खालच्याच्या बरोबर दुप्पट. काळी एकचा सा २७७, वरचा ५५४, खालचा १३८ आणि थोडा वर. पेटीवर बोट ठेवून मोजलंत तर एका «सा»पासून पुढच्या «सा»च्या अलीकडपर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बाराच पट्ट्या भरतात, मग तुम्ही त्याला सप्तक म्हणा नाहीतर ऑक्टेव्ह.

राहता राहिला पेपर. त्यात «सप्तक व ऑक्टेव्ह यांतील फरक लिहा» असा प्रश्न आलाच, तर मुलांना बिनधास्त आठवडी बाजार लिहू द्या. तपासायला माझ्याकडे आला तर पूर्ण गुण देईन.