मॅनेजरने दिलेली ऑर्डर मालकाला कधी बांधते?

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: “लेखी अधिकारपत्र नसेल तर मॅनेजरने दिलेली ऑर्डर मालकावर बंधनकारक नसते. आम्ही मनाई केली होती एवढं सांगा, पुरे. पैसे मागायला आले तर गप्प बसा, गप्प बसणं म्हणजे नकारच. सौद्यातलं सोयीचं तेवढं ठेवा, बाकीचं परत करा. आणि फायदा दिसला तर मागाहून मान्यता द्या, सगळं पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.”

हे वाचून कोणी खरंच पुरवठादाराचे पैसे अडवून बसला, तर दाव्याचा खर्च आणि व्याज दोन्ही त्याच्याच अंगावर येईल. शेवटचं वाक्य निम्मं बरोबर आहे. बाकीच्यांवर विसंबू नका.

अधिकारपत्रापासून सुरुवात करू. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 186 सांगतं की एजंटचा, म्हणजे मॅनेजरसारखं दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचा, अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असू शकतो किंवा परिस्थितीवरून समजून घेतलेला असू शकतो. कलम 187 च्या खाली कायद्यानेच उदाहरण दिलं आहे. मालक राहतो कलकत्त्याला, दुकान सेरामपूरला. दुकान सांभाळणारा माणूस मालकाच्या नावाने एका व्यापाऱ्याकडून नेहमी माल मागवतो आणि मालकाच्या पैशातून बिल भागवतो. मालकाला हे ठाऊक आहे. एवढ्यावरून त्या माणसाला माल मागवायचा अधिकार आहे असं धरलं जातं, कागदाची गरज नाही. हा प्रत्यक्ष अधिकारच आहे, फक्त तो वागण्यातून दिलेला आहे. लेखी मुखत्यारपत्र लागतं ते वेगळ्या ठिकाणी. दुसऱ्याच्या वतीने दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल तर रीतसर मुखत्यारपत्र हवंच. दुकानाच्या रोजच्या खरेदीला ते लागत नाही.

आता मनाईचा मुद्दा. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती इथे, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवून बघू.

समजा, साताऱ्यात पाइप-फिटिंगचं दुकान आहे. मालक पुण्याला राहतात, महिन्यातून एखादी चक्कर मारतात. दुकान मॅनेजर बघतो. दोन वर्षं तो सांगलीच्या एका घाऊक व्यापाऱ्याला फोन करून पाइप मागवतो आहे, कधी 40,000 चे, कधी दोन लाखांचे. टेम्पो आला की माल उतरवून घेतो, चलनावर दुकानाचा शिक्का मारून सही करतो. बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर निघतं आणि पैसे मालकाच्या खात्यातून जातात. जूनमध्ये मालक मॅनेजरला बजावतात, “50,000 च्या वरची ऑर्डर मला विचारल्याशिवाय द्यायची नाही.” ऑगस्टमध्ये मॅनेजर न विचारता 1,80,000 चे पाइप मागवतो. जूनचं बोलणं सांगलीपर्यंत पोचलेलंच नाही.

मालक आणि मॅनेजर यांच्यात बघितलं तर मॅनेजरने हद्द ओलांडली, यात वाद नाही. 50,000 च्या वर त्याला प्रत्यक्ष अधिकार उरला नव्हता. पण सांगलीच्या व्यापाऱ्यासमोर प्रश्न वेगळा आहे. मालकाच्या वागण्यावरून त्याने काय समजायचं? दोन वर्षं अशाच ऑर्डरींचे पैसे मालकानेच बिनतक्रार भरले. कलम 237 म्हणतं की एजंटने अधिकार नसताना काही केलं, पण ते अधिकारातलंच आहे असा समज मालकाने आपल्या बोलण्याने किंवा वागण्याने समोरच्याचा करून दिला असेल, तर मालक बांधला जातो. यालाच भासमान अधिकार म्हणतात. त्याच कलमाखालचं उदाहरण तर थेट आपल्या मुद्द्याचं आहे. मालकाने एजंटाकडे माल विकायला दिला आणि ठरलेल्या भावाच्या खाली विकू नको असं बजावलं. गिऱ्हाइकाला ही सूचना माहीत नव्हती आणि त्याने कमी भावात सौदा केला. तो सौदा मालकावर बंधनकारक ठरतो. मालक आणि नोकर यांच्यात बंद दाराआड झालेली मनाई बाहेरच्याला लागू होत नाही. 1,80,000 साताऱ्याच्या मालकाला द्यावेच लागतील.

मात्र याला हद्द आहे आणि ती पुरवठादारांनीही नीट समजून घ्यावी. समज मालकाकडून झालेला हवा. “मालकांनीच सांगितलंय, पाठवा” असं मॅनेजर स्वतः म्हणाला, एवढ्यावर भासमान अधिकार उभा राहत नाही. आपला अधिकार आपल्याच तोंडाने कोणाला वाढवता येत नाही. मालकाने त्याला दुकानाच्या गादीवर बसवलं, त्याच्या ऑर्डरी पाळल्या, बिलं भागवली, असं काहीतरी मालकाच्या बाजूने घडलेलं दाखवावं लागतं. शिवाय व्यापाऱ्याला मनाई ठाऊक असेल, तर त्याचा बचाव संपला. आणि व्यवहार दुकानाच्या नेहमीच्या कामातला हवा. पाइपची ऑर्डर त्यात बसते. दुकानाच्या नावावर मॅनेजरने जुना टेम्पो विकत घेतला तर तो सहसा बसणार नाही.

मॅनेजरला काढून टाकलं तरी हेच लागू होतं. कलम 208 नुसार अधिकार काढून घेतल्याचा परिणाम बाहेरच्या माणसावर होतो तो त्याला ते कळल्यावरच. इंग्लंडमध्ये 1857 साली समर्स विरुद्ध सॉलोमन या खटल्यात हेच घडलं. जवाहिऱ्याने दुकान पुतण्याच्या हवाली केलं होतं, पुतण्या मागवायचा त्या दागिन्यांचे पैसे तो नेहमी द्यायचा. पुतण्याने नोकरी सोडली, पुन्हा त्याच पुरवठादाराकडून चुलत्याच्या नावावर दागिने उचलले आणि पसार झाला. पैसे चुलत्याला द्यावे लागले, कारण पुतण्या आता आपल्याकडे नाही हे त्याने पुरवठादाराला कळवलंच नव्हतं. म्हणून मॅनेजर बदलला किंवा त्याची मर्यादा ठरवली की त्याच दिवशी नेहमीच्या प्रत्येक पुरवठादाराला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा आणि ते पोचल्याचं उत्तर जपून ठेवा. आपल्या मालकांनी जूनमध्ये सांगलीला दोन ओळी पाठवल्या असत्या, तर ऑगस्टची ऑर्डर त्यांच्यावर आली नसती.

आता तो जुना टेम्पोच घेऊ, कारण गप्प बसण्याचा सल्ला तिथे अंगाशी येतो. मॅनेजरने दुकानाच्या नावाने 3,20,000 ला टेम्पो ठरवला, सोबत वर्षभर दरमहा 4,000 चा देखभालीचा करार, दोन्ही एकाच सौद्यात. टेम्पो दुकानासमोर येऊन उभा राहिला. इथे प्रत्यक्ष अधिकार नाही आणि भासमानही नाही. कलम 196 प्रमाणे मालकापुढे दोन वाटा आहेत: सौदा मान्य करायचा किंवा झटकून टाकायचा. मान्य केला तर जणू पहिल्यापासून त्याच्याच सांगण्यावरून झाला, असे परिणाम होतात. कायद्याच्या भाषेत हे अनुसमर्थन.

पण मान्यता द्यायला तोंड उघडावं लागतं असं नाही. कलम 197 म्हणतं, ती वागण्यातूनही दिसू शकते. तिथली उदाहरणं बघा. अधिकाराशिवाय खरेदी केलेला माल मालकाने स्वतःसाठी पुढे विकला, की खरेदी मान्य झाली. मालकाचे पैसे कोणी परस्पर कर्जाऊ दिले आणि मालकाने त्यावर व्याज घेतलं, की कर्ज मान्य झालं. तसंच मालकाने तीन आठवडे त्या टेम्पोतून माल पोचवला, एखादा हप्ता भरला, तर “मी कधी हो म्हटलंच नाही” हे कोण ऐकेल? मालाच्या बाबतीत पाइप विकणं किंवा त्या बिलावरचं जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेणं, हा पुरावा मालकाच्या विरुद्ध जाईल. दरवेळी नुसत्या गप्प बसण्याने मान्यता होते असं नाही. पण सगळं माहीत असून वस्तू वापरत गप्प राहिलात, तर ते वागणं होकाराकडेच झुकतं. नकार द्यायचा असेल तर कळल्याबरोबर लेखी कळवा, टेम्पोला हात लावू नका आणि घेऊन जायला सांगा.

टेम्पो आवडला, पण देखभालीचे महिना 4,000 नकोत, असं म्हणता येईल का? नाही. कलम 199 नुसार एका भागाला मान्यता दिली की तो भाग ज्या व्यवहारातला आहे, तो अख्खा व्यवहार मान्य होतो. दोन्ही गोष्टी एकाच सौद्यात ठरल्या होत्या. टेम्पो ठेवला की करारही आला.

एक संरक्षण मात्र मालकाला आहे, आणि ग्रुपवरच्या मजकुरात नेमकं तेच नाही. मॅनेजरने मालकाला किंमत 2,60,000 सांगितली, देखभालीचा करार लपवला आणि मालक म्हणाले “असू दे”. कलम 198 म्हणतं, ज्याला महत्त्वाच्या बाबींची नीट माहितीच नाही त्याची मान्यता वैध नाही. 60,000 चा फरक आणि लपवलेला करार या महत्त्वाच्याच बाबी आहेत. तो होकार मालकाला बांधत नाही. पण खरं काय ते कळल्यावरही टेम्पो वापरत राहिलात, तर आता माहिती पूर्ण आहे.

राहिली मागाहून मान्यतेची ताकद. ती मागच्या तारखेपासून लागू होते हे खरं, पण तिसऱ्या माणसाचा हक्क हिरावून घ्यायला ती वापरता येत नाही. कलम 200 तेवढ्यासाठीच आहे. समजा याच मालकांचं एक गोदाम भाड्याने दिलं आहे आणि भाडेकरार तीन महिन्यांच्या नोटिशीने संपवता येतो. मॅनेजरने कोणाला न विचारता 1 एप्रिलला नोटीस दिली. 10 जुलैला मालक म्हणतात, “ती नोटीस मला मान्य आहे, तीन महिने संपले, गोदाम खाली करा.” हे चालणार नाही. नोटीस मिळाली त्या दिवशी ती कोणाला बांधत नव्हती, मग भाडेकरूने तिच्यावर विसंबून दुसरी जागा कशाला शोधायची? मालकांना स्वतः किंवा अधिकार दिलेल्या माणसाकडून नवी नोटीस द्यावी लागेल आणि महिने तिथून मोजावे लागतील.

या सगळ्यात मॅनेजर मोकळा सुटत नाही. पाइपचे 1,80,000 मालकाने सांगलीला भरले आणि हुकूम मोडल्यामुळे त्याचं नुकसान झालं, तर ते मॅनेजरने भरून द्यायचं, कलम 211 प्रमाणे. आणि टेम्पोचा सौदा मालकाने झटकला तर विकणाऱ्याला कलम 235 चा आधार आहे. मी अमक्याचा अधिकृत माणूस आहे असं खोटं भासवून ज्याने सौदा करायला लावला, त्याच्याकडून त्या सौद्यात झालेलं नुकसान मागता येतं. तेव्हा टेम्पोवाल्याने पैशांसाठी मालकाच्या दारात बसण्यापेक्षा मॅनेजरला नोटीस धाडावी.