अल्कोहोल उडून गेल्यावर मोत्यावर काय उरतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. नेहमीचीच भीती घालणारी माहिती. परफ्यूममधलं अल्कोहोल दोन मिनिटांत उडून जातं, मग मोत्याचं नुकसान करायला उरतं काय? माझी आई तीस वर्षं मोत्यांची माळ घालते आणि वर अत्तर लावते, काहीही झालेलं नाही. चांदी हवेनेच काळी पडते आणि रेशमावर डाग पडला तर धुता येतो. असे लेख लिहून लोकांच्या आनंदावर विरजण घालू नका.»

नमस्कार.

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ‘नेहमीचीच भीती घालणारी’ हे शब्द मला लागले, आणि लागले हे लपवून गोडगोड उत्तर लिहिणं मला जमणार नाही. परफ्यूम वापरू नका असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. ते अंगावर कुठे लावावं, कुठे लावू नये आणि दागिन्यांच्या आधी लावावं की नंतर, एवढाच लेखाचा विषय होता. तो शेवटपर्यंत वाचला असतात तर विरजणाची गोष्ट तुम्ही काढली नसती.

एक गोष्ट आधीच मान्य करते. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. तिच्यावर चढतो तो सिल्व्हर सल्फाइडचा थर, आणि अल्कोहोलचा त्याच्याशी संबंध नाही. परफ्यूमचा तेलकट अंश नक्षीच्या खाचांत बसून धूळ आणि घाम धरून ठेवतो, आणि चमक टिकावी म्हणून ज्या दागिन्यावर पारदर्शक लेप दिलेला असतो तो लेप अल्कोहोलने खराब होऊ शकतो. पण चांदी पुसून, घासून बहुतेक वेळा पूर्ववत होते, म्हणून तिच्यावरून मी वाद घालणार नाही. फक्त चांदीत मोती जडवलेले असतील तर तो दागिना चांदी उजळवण्याच्या द्रावणात कधीही बुडवू नका. त्या द्रावणात बहुधा आम्ल असतं. चांदी लखलखीत होईल, पण मोत्याची झळाळी कायमची जाईल.

बाकी तुमच्या प्रतिक्रियेत उत्तर द्यावं असं वाक्य एकच आहे, ते अल्कोहोलचं. ते इतक्या खात्रीने लिहिलंय की वाचणाऱ्याला पटेल, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देते.

अल्कोहोल लवकर उडतं यात शंका नाही. पण बाटलीत अल्कोहोल एकटं नसतं. ‘ओ द परफ्यूम’ लिहिलेल्या बाटलीत साधारण १५ ते २० टक्के सुगंधी द्रव्यं असतात, ‘ओ द टॉयलेट’मध्ये त्याहून कमी. ही द्रव्यं पातळ करून त्वचेवर पसरवणं एवढंच अल्कोहोलचं काम. ते उडून जातं, त्याच्या मागोमाग लिंबू-संत्र्यासारखे हलके वास विरतात, आणि मागे राहतात ती जड द्रव्यं: कस्तुरीसारखा वास देणारी, चंदनाची, राळेची, व्हॅनिलाची. त्यांची निवडच सहजासहजी उडू नयेत म्हणून केलेली असते. सकाळी लावलेला वास संध्याकाळी मानेशी येत असेल तर ती द्रव्यं अजून तिथे आहेत, याहून वेगळा पुरावा लागत नाही. दोन मिनिटांत काहीच उरत नसतं तर वासही दोन मिनिटांतच संपला असता.

आता तो तेलकट थर कशावर बसतो ते पाहा. मोती हा हिऱ्या-माणकासारखा खडा नाही. त्याची झळाळी ॲरगोनाइट नावाच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांतून येते. एकेक पापुद्रा साधारण अर्धा मायक्रॉन जाडीचा, असे असंख्य पापुद्रे एकावर एक, आणि त्यांना धरून ठेवणारं काँकिओलिन हे प्रथिन. सोबत थोडं पाणी. कॅल्शियम कार्बोनेटवर सौम्य आम्लाचाही परिणाम होतो आणि घाम बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. मानेवर परफ्यूमचा थर असला की घाम, त्वचेच्या मृत पेशी आणि धूळ त्यात अडकतात, आणि हे मिश्रण तासन् तास मोत्याला चिकटून राहतं. फवारा थेट मोत्यांवर गेला तर ओलं अल्कोहोल त्या प्रथिनातलं पाणीही ओढून घेतं. एका फवाऱ्याने काही होत नाही, हे मीही म्हणते. वर्षानुवर्षांच्या सवयीने होतं.

हे मी कुठून वाचून सांगत नाही. मोत्यांच्या माळा नव्याने ओवून देणं हे माझं काम आहे. वडिलांच्या शेजारी बसून ते शिकले आणि आजही तेच करते. त्यामुळे ‘काहीही झालेलं नाही’ हे वाक्य मी माळ हातात देणाऱ्या माणसाकडून पुष्कळदा ऐकलंय, आणि त्याच माळेचा दोरा कापल्यावर आत काय निघतं तेही पाहिलंय.

एकच माळ सांगते. मध्यम आकाराचे पांढरे मोती, प्रत्येक दोन मोत्यांमध्ये रेशमी दोऱ्याची गाठ. दोरा सैल झाला म्हणून ती ओवायला आली होती. समोरून पाहिली तर सुरेख. छातीवर येणारे मधले मोती कापडावर टेकत असत, त्यांची झळाळी शाबूत होती. पण माळ सरळ टेबलावर ठेवून फासाकडे सरकत गेलं की फरक दिसायला लागला. मानेमागचे, फासाच्या दोन्ही बाजूंचे मोती खडूसारखे निस्तेज झाले होते. दोराही मध्यभागी पांढराच, मानेमागे तपकिरी आणि चिकट. गाठी कापल्या तेव्हा आतून वास आला, तो वर्षानुवर्षं साचलेल्या परफ्यूमचाच. त्या मोत्यांच्या भोकांच्या कडा भिंगाखाली पाहिल्या तर पापुद्रे सुटलेले, कडा खरबरीत. भोकापाशी मोत्याचे थर उघडे पडलेले असतात आणि तेलाने भिजलेला दोरा तिथेच टेकून राहतो, म्हणून झीज तिथून सुरू होते. त्या बाईंना विचारलं, फवारा कुठे मारता? माळ घालून झाल्यावर, केस बाजूला करून, मानेवर आणि कानांमागे.

मोती जुने झाले म्हणून निस्तेज झाले, असं तुम्ही म्हणाल. एकाच माळेतले मोती एकाच वयाचे असतात. वयाने जायची असती तर झळाळी सगळ्यांची सारखीच गेली असती. ती फक्त त्वचेला टेकणाऱ्या भागातच गेली. त्यात घामाचाही वाटा होता हे मी नाकारत नाही. पण त्या दोऱ्यातला वास घामाचा नव्हता.

आता तुमच्या आईंच्या माळेबद्दल. त्यांचा मी आदर करते आणि त्यांची माळ उत्तम राहो असंच मला वाटतं. पण वाद अल्कोहोलवर घालायचा आणि उदाहरण अत्तराचं द्यायचं, हे योग्य नाही. पारंपरिक अत्तर तेलात असतं, त्यात अल्कोहोल नसतंच. म्हणजे अल्कोहोल उडून जातं म्हणून माळ वाचली, असं तुमच्या उदाहरणावरून ठरत नाही. अत्तर बोटाने मनगटावर लावत असतील तर माळेला ते पोहोचतही नसेल. शिवाय मोती कोणते यावरही बरंच अवलंबून असतं. गोड्या पाण्यातले संवर्धित मोती बहुतेक आतपर्यंत त्याच पापुद्र्यांचे असतात, तर समुद्रातल्या अनेक संवर्धित मोत्यांत आत शिंपल्याचा मणी आणि वर पापुद्र्यांचा पातळ थर असतो. पहिल्या प्रकारात झीज सोसायला जागा जास्त. आणि मोती नकली असतील, म्हणजे काचेच्या मण्यावर झळाळीचा लेप, तर अल्कोहोल त्यांचं नुकसान सर्वांत लवकर करतं, कारण तो लेपच सुटायला लागतो.

खात्री करायची असेल तर मऊ सुती फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि फासाजवळचा एक मोती हलक्या हाताने पुसा. झळाळी परत आली तर वर नुसता थर होता, नुकसान झालेलं नाही. पुसूनही तो मधल्या मोत्यांपेक्षा निस्तेजच दिसला तर पृष्ठभाग झिजलेला आहे, आणि गेलेला पापुद्रा परत येत नाही. हे आधी करून पाहून मग लिहिलं असतंत तर मला इतकं लांब लिहावं लागलं नसतं.

रेशमावरचा डाग धुता येतो, हे तुम्ही फार सहज लिहिलंत. कित्येक रेशमी कापडांवर साध्या पाण्याच्या थेंबाचाही कडा असलेला डाग उठतो. अल्कोहोलने कच्चा रंग सुटू शकतो. तेलकट अंश सुरुवातीला दिसत नाही आणि काही महिन्यांनी घडी उघडल्यावर पिवळट ठिपका होऊन समोर येतो. वरून इस्त्री फिरली तर तो आणखी पक्का होतो. तेव्हा रेशमावर फवारा नाहीच.

सुवास हवाच असेल, आणि तो मलाही हवा असतो, तर नुसतं ‘वाळू द्या’ हा सल्ला पुरेसा नाही. वाळल्यावरही तेल राहतंच, म्हणून जागा बदलावी लागते. मोती मानेत असतील तर मान, गळा आणि कानांमागचा भाग सोडा. हातात मोती असतील तर मनगट सोडा. गुडघ्यांमागे, पोटऱ्यांवर किंवा आतल्या सुती कपड्याखाली कमरेला लावा. अंगाच्या उबेने वास तिथूनही वर येतो. फवारा त्वचेपासून वीतभर अंतरावरून, एक किंवा दोनच. हवेत फवारून त्यातून चालत जायची पद्धत मोती आणि रेशीम अंगावर असताना पूर्ण टाळा, कारण त्यात थेंब कुठे पडतील यावर आपला काही ताबा राहत नाही. परफ्यूम आधी लावायचं, ते वाळू द्यायचं, हात साबणाने धुवायचे, मग रेशीम नेसायचं आणि मोती सर्वांत शेवटी घालायचे. घरी आल्यावर मोती सर्वांत आधी काढायचे, पिळलेल्या फडक्याने पुसायचे आणि आडवे ठेवून वाळवायचे, कारण ओला दोरा टांगल्यावर ताणला जातो.

माळेचा दोरा कधी बदलला होता ते आईंना विचारा. बरीच वर्षं बदललेला नसेल तर ओवायला द्या, आणि कापलेला जुना दोरा फेकण्याआधी मानेमागचा तुकडा मधल्या तुकड्याशेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. दोन्ही सारखेच पांढरे निघाले तर इथे तसं लिहा, मी तुमची प्रतिक्रिया तशीच ठेवीन.