के-मॅप: सगळे 1 झाकले, तरी उत्तर चूक

«के-मॅप तपासायची सोपी रीत : एक 1 एकाच गटात हवा, गट एकमेकांवर चढले की उत्तर चूक. सगळे 1 गटांत आले की उत्तर बरोबर. मधे घरं सोडून केलेला गट दिसला की मार्क कापा.»

तिन्ही वाक्यं एकाच नकाशावर तपासू. F(A,B,C,D) = Σm(0,2,3,5,7,8,10,11,13,15).

```
AB\CD  00 01 11 10
00      1  0  1  1
01      0  1  1  0
11      0  1  1  0
10      1  0  1  1
```

गट एकमेकांवर चढले तर काहीच बिघडत नाही, कारण X + X = X. उलट ते टाळलं की उत्तर लांबतं. चार कोपऱ्यांचा B'D' आणि मधल्या चौकोनाचा BD घेतल्यावर 3 आणि 11 उरतात. दोघांचीच पेअर केली तर B'CD, तीन अक्षरं. शेजारचे 7 आणि 15 पुन्हा वापरले तर CD, दोनच. 2 आणि 10 वापरून B'C घेतला तरी चालतं, म्हणून दोन विद्यार्थ्यांची उत्तरं वेगळी असूनही दोन्ही बरोबर असू शकतात. CD आणि B'C दोन्ही लिहिले असतील तर एक जास्तीचा आहे, पण चूक नाही. प्रत्यक्ष सर्किटमध्ये ग्लिच टाळायला तो मुद्दाम ठेवतातही.

दुसरं वाक्य सर्वांत घातक. हे हातानं लिहिलेलं उत्तर बघा:

F = A'B' + BD + B'D' + AB'C

सगळे दहा 1 यात आलेत. तरी उत्तर चूक. पहिल्या ओळीतल्या 0, 3, 2 या तीन घरांभोवती पेनानं एकच वेटोळं काढलंय, आणि ते मधल्या शून्य असलेल्या घरावरून गेलंय. तीन घरांची टर्म असतच नाही, म्हणून लिहिताना ती A'B' झाली आणि घर क्रमांक 1 आत ओढलं गेलं. A=0, B=0, C=0, D=1 घाला: A'B' एक देतो, नकाशात तिथे शून्य आहे.

म्हणून वेटोळी नव्हे, टर्म तपासायच्या. प्रत्येक टर्मचे घर-क्रमांक परत लिहून काढा. चार व्हेरिएबलांत दोन अक्षरांची टर्म चार घरं व्यापते, तीन अक्षरांची दोन. A'B' म्हणजे 0,1,2,3. यादीत 1 नाही, टर्म बाद. सगळ्या टर्म शून्यांपासून दूर राहिल्या, तरच पुढे 1 मोजायचे. डोंट केअरचं X घर आत आलं तर हरकत नाही.

राहिला तिसरा मुद्दा. 0, 2, 8, 10 हे कोपरे विखुरलेले दिसतात, पण नकाशाच्या कडा एकमेकींना जोडलेल्या असतात. 0000 आणि 0010 मध्ये एकच बिट बदलतो, 0000 आणि 1000 मध्येही. गट कायदेशीर आहे, इथे मार्क कापणारा चुकतो. मात्र आधी वरचा क्रम 00, 01, 11, 10 आहे ना, ते बघा. 00, 01, 10, 11 असा लिहिला असेल तर 01 आणि 10 शेजारी येतात, दोन बिट बदलतात, आणि सुबक दिसणारी पेअरही खोटी ठरते.