गणपतीचं जेवण आणि त्या रात्रीचं जेवण

गणपती तोंडावर आलेत आणि तोच सल्ला पुन्हा फिरायला लागलाय: मोदक खायचेत ना, मग सकाळपासून काही खाऊ नका, पोटात जागा ठेवा. लग्नाच्या दिवसांतही हेच ऐकू येतं. ज्यांना बिंज इटिंगचा त्रास आहे त्यांच्यासाठी यापेक्षा वाईट सल्ला नाही, असं माझं ठाम मत आहे. मला स्वतःला हा त्रास होता, त्यावर उपचार घेतलेत, म्हणून हे लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सणाला दोन मोदक जास्त झाले, पोट टम्म झालं, दुपारी लवंडावं लागलं, याला बिंज म्हणत नाहीत. ते सणाचं जेवण. बिंजमध्ये थोड्या वेळात खूप खाल्लं जातं आणि आपल्याला थांबता येत नाहीये असं आतून वाटत असतं. बहुतेकदा एकटीने, भराभर, पोट दुखेपर्यंत, आणि नंतर कमालीची लाज. हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने चालू असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. हा फरक न कळल्यामुळे कित्येक जणी साध्या भरपेट जेवणालाच घाबरतात, आणि त्या घाबरण्यातून पुढचं सगळं सुरू होतं.

ते कसं, हे 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एका प्रयोगात दाखवलं. काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. कायम डाएटवर असणाऱ्यांनी मात्र मिल्कशेक न प्यायलेल्या डाएटवाल्यांपेक्षा जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे ना, मग आता काय राहिलं! चतुर्थीला पहिल्या मोदकानंतर मनात अगदी हेच होतं, आणि त्यात सकाळपासूनच्या भुकेची भर पडलेली असते.

आता आमच्या गिरगावातल्या घरचा पहिला दिवस सांगते, कारण खरी गोम वेळापत्रकात आहे. गुरुजी नऊला येतो म्हणतात. मुंबईत त्यांना त्या दिवशी कितीतरी घरं करायची असतात, त्यामुळे उजाडतात साडेअकराला. प्रतिष्ठापना, आरत्या, नैवेद्य होईपर्यंत दीड वाजतो. जागा लहान म्हणून पंगती दोन, आणि पहाटेपासून ओट्याशी उभ्या असलेल्या बायका दुसऱ्या पंगतीला, म्हणजे तीनला. सकाळी सहाचा चहा सोडला तर मधे काहीच नाही. नऊ तास!

ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बिंजसाठी जी उपचारपद्धत बसवली, तिचा पाया अगदी साधा आहे: दिवसातून तीन जेवणं आणि मधे दोन-तीनदा थोडं खाणं, दोन खाण्यांत साधारण चार तासांपेक्षा जास्त खंड नको. सणालाही हे सुटता कामा नये, खरं तर सणालाच नको. आमच्याकडे पूजेआधी अन्न खात नाहीत. म्हणून मी आदल्या आठवड्यातच सासूबाईंशी बोलून घेतलं. त्या म्हणाल्या, "अगं, देवाला उपाशी सून कशाला हवीय? दूध-केळं घे, राजगिऱ्याचा लाडू घे." आता आठला एकदा आणि बाराच्या सुमाराला एकदा मी बसून खाते. बसून, हे महत्त्वाचं. उकडताना फुटलेला मोदक, चमच्यावरचं सारण, पुरीचा तुकडा असं उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं जेवणात धरलं जात नाही, पण मनात 'आज काहीतरी चुकलंच' हे मात्र बसतं.

पानात सगळं वाढून घेते: वरणभात, तूप, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरी आणि मोदक. मोदक टाळत नाही. टाळलेलाच मोदक रात्री बोलावतो.

खरी परीक्षा त्यानंतर. तीनला जड जेवण झालं की बहुतेक जणी ठरवतात, आता उद्यापर्यंत काही नको. मग रात्री अकराला पाहुणे गेलेले, अंग मोडून आलेलं, स्वयंपाकघरात आपण एकट्या आणि समोर उरलेल्या मोदकांचं पातेलं. म्हणून संध्याकाळी साडेसहाला चहाबरोबर काहीतरी, आणि नऊला थोडासा का होईना वरणभात, भूक फारशी नसली तरी. उरलेलं भरून ठेवायचं काम नवऱ्याकडे दिलंय. शेजाऱ्यांचे डबे तोच देऊन येतो. दोन मोदक माझ्या उद्याच्या नाश्त्याचे म्हणून बाजूला ठेवतो, त्यामुळे 'आज शेवटची संधी' ही भावनाच राहत नाही. तरीही ओढ आली तर चाळीच्या गॅलरीत जाते, बहिणीला फोन लावते. पोटात अन्न असेल तर ती ओढ चढते तशी उतरते. पोट रिकामं असेल तर उतरणं फार कठीण.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि इथे जपायला हवं. आदल्या दिवशीची भरपाई करायला हा उपास फार सोयीचा, कोणी विचारतही नाही. उपास करताना मनात कालचे मोदक मोजले जात असतील, तर तो उपास ऋषींसाठी नाही, वजनासाठी आहे, आणि त्या रात्रीच्या बिंजची ती तयारी आहे. उपास धरायचाच तर ऋषीची भाजी आणि तुमच्या घरी जे चालतं ते, पण जेवणाच्या वेळा पाळून आणि पोटभर. त्या सकाळी वजनकाट्यावर तर चढूच नका. शरीरात साठणाऱ्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं, शिवाय मिठामुळे धरलं जाणारं पाणी वेगळंच. एका रात्रीत किलोभर वाढलेलं दिसतं त्यात बहुतेक पाणीच असतं, आणि ते काही दिवसांत जातं.

लग्नाला हाच हिशोब. दादरच्या हॉलमध्ये रिसेप्शन साडेसातचं, पण स्टेजपुढची रांग संपून ताट हातात यायला साडेनऊ. घरून निघताना पाच-साडेपाचला पोहे किंवा चपाती-भाजी खाऊन निघा.

आणि 'बरं वाटत नाही' सांगून घरी राहणं? प्रसादाचा डबा दुसऱ्या दिवशी घरी येतोच, आणि तो एकटीने खाल्ला जातो. फारच कठीण वाटत असेल तर फक्त आरतीला जा, पुढच्या वर्षी पंगतीला बसा. पण जेवणानंतर उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं असं काही होत असेल, वजन फार उतरलं असेल किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर माझ्या पोस्टवर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. केईएम, नायर, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

वाढणाऱ्यांना एक विनंती. आग्रह एकदा करा, 'नको' म्हटलं की पुढे जा. "एवढंच खाल्लंस?" आणि "बापरे, केवढं खाल्लंस!" ही दोन्ही वाक्यं पंगतीत नकोत. आणि घरातल्या बायकांना पहिल्या पंगतीला बसवा, वाढायला पुरुष आहेत.