महागाई ९ टक्के, तरी सोनं पडलं कसं?

२०२२ च्या जुलैमध्ये आमच्या मामांनी ठामपणे सांगितलं होतं, "अमेरिकेत महागाई ९ टक्क्यांवर गेलीय, आता सोनं सुटणार बघ." आकडा बरोबर होता. जूनची महागाई ९.१ टक्के, चाळीस वर्षांतली सर्वाधिक. पण मार्चमध्ये औंसाला २,०५० डॉलरच्या आसपास गेलेलं सोनं सप्टेंबरअखेर १,६३० पर्यंत उतरलं होतं.

महागाई वाढली की सोनं चढतं, हे आपल्याकडे पाठ असलेलं वाक्य अर्धवट आहे, असं माझं मत. सोन्याची तुलना महागाईशी नाही, तर महागाई वजा जाऊन हातात उरणाऱ्या व्याजाशी होते. हे व्याज अमेरिकेत थेट बघता येतं. तिथे 'टिप्स' नावाचे सरकारी रोखे असतात. त्यांची मुद्दल महागाईबरोबर वाढते, म्हणून त्यांवरचा परतावा म्हणजेच खरं व्याज.

मार्च २०२२ मध्ये दहा वर्षांच्या टिप्सवर उणे १ टक्का मिळत होता. म्हणजे आज १०० ची खरेदी होईल एवढे पैसे ठेवा, दहा वर्षांनी ९० चीच खरेदी होईल. अशा वेळी व्याज न देणारं, उलट लॉकरचं भाडं खाणारं सोनंही परवडतं. सप्टेंबरअखेर तोच परतावा अधिक १.६ वर गेला. आता तेच १०० दहा वर्षांत ११७ होणार, तेही सरकारच्या हमीवर. मोठे फंड मग सोनं कशाला धरून बसतील?

पण महागाई एवढी असताना खरं व्याज वाढलंच कसं? कारण रोखेबाजार कालची महागाई बघत नाही, पुढची दहा वर्षं बघतो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडने मार्चमधला जवळपास शून्य व्याजदर सप्टेंबरपर्यंत ३ च्या वर नेला, तेव्हा बाजाराला वाटलं की महागाई आटोक्यात येणार. साध्या दहा वर्षांच्या रोख्यावर ३.८ टक्के आणि महागाईचा अंदाज २.२ टक्के. वजाबाकी करा, १.६ येतात.

आपल्या सराफाकडे मात्र ही घसरण बोथट झाली. डॉलर ७६ वरून ८१ च्या पुढे गेला आणि १ जुलैला सरकारने आयात शुल्कही वाढवलं. त्यामुळे मामांना आपलं चुकलं असं आजही वाटत नाही!

आणि हो, हा काही भौतिकशास्त्राचा नियम नाही. २०२३ नंतर खरं व्याज दीड-दोन टक्क्यांच्या आसपास असतानाही सोनं नवे उच्चांक करत गेलं. रशियाचा परकीय चलनसाठा गोठवला गेल्यावर २०२२ पासून सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून जास्त सोनं उचललं. त्यांना व्याज नको होतं, दुसऱ्या कुणाला गोठवता येणार नाही असा साठा हवा होता. तरी मी भाव बघायच्या आधी टिप्सचा परतावा बघतो. सेंट लुईस फेडच्या साइटवर DFII10 टाकलं की मिळतो.