पुढच्या 35 वर्षांचा पगार किती सुरक्षित?

"तुम्ही 27 वर्षांचे आहात. पुढच्या 35 वर्षांचा पगार ही तुमची सगळ्यात मोठी मालमत्ता आहे आणि ती बाँडसारखी सुरक्षित आहे. तिच्यापुढे आजची बचत किरकोळ. म्हणून सगळी बचत शेअर्समध्ये घाला, जमलं तर कर्ज काढून दुप्पट घाला. बाजार पडला तरी हाताशी वेळ आहे, भरून निघेल."

तरुणांना असा सल्ला दिला जातो. यातलं पहिलं विधान, म्हणजे भावी पगार ही सगळ्यात मोठी मालमत्ता आहे हे, खरं आहे आणि ते ठामपणे मान्य करूनच पुढे जायला हवं. भावी कमाई ही मालमत्ताच आहे. अर्थतज्ज्ञ झ्वी बोडी, रॉबर्ट मर्टन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी 1992 मध्ये याचं रीतसर गणित मांडलं. पण त्यांच्या मांडणीत तरुणाची जोखीम घेण्याची ताकद बऱ्याच अंशी एका गोष्टीवर उभी होती: गुंतवणूक बुडाली तर तो जास्त काम करू शकतो, निवृत्ती पुढे ढकलू शकतो. खर्च कमी करता येणं हीसुद्धा तशीच लवचीकता. ज्याच्या पगाराचा मोठा हिस्सा घराच्या हप्त्यात आणि आईवडिलांच्या औषधपाण्यात आधीच बांधला गेला आहे, त्याच्याकडे ही लवचीकता कमी असते. पगार तोच, पण त्याच्या जोरावर पेलता येणारी जोखीम लहान.

आता या मालमत्तेची किंमत काढू. महागाई वगळून पगार तेवढाच राहील असं धरा आणि वर्षाच्या पगाराला 1 म्हणा. पैसा जितका उशिरा मिळणार तितका तो आज कमी धरायचा, दर वर्षामागे ठरावीक दराने. 35 वर्षांच्या पगाराचं असं आजचं मूल्य 3 टक्के दराने काढलं तर साधारण 21.5 येतं, म्हणजे साडेएकवीस वर्षांचा पगार. 8 टक्के दराने काढलं तर तेच 11.7 होतं. दर कोणता घ्यायचा हे त्या पगाराच्या खात्रीवर ठरतं. पगार खरंच बाँडइतका पक्का असेल तर कमी दर. डळमळीत असेल तर जास्त. म्हणजे "सुरक्षित आहे" असं आधीच धरून चाललं की आकडा आपोआप फुगतो, आणि मग त्याच फुगलेल्या आकड्यावरून जोखीम घ्यायला सांगितलं जातं.

खरा वाद दुसऱ्या विधानाशी, म्हणजे हा पगार बाँडसारखा सुरक्षित आहे याच्याशी आहे, आणि इथे दोन माणसं शेजारी ठेवून पाहिलं की फरक डोळ्यांत भरतो. दोघंही 27 वर्षांची, दोघांची बचत एका वर्षाच्या पगाराएवढी. भावी पगार धरून जी एकूण संपत्ती होते तिचा अर्धा भाग शेअर्समध्ये असावा, असं दोघांनाही वाटतं. एक जण कायम नोकरीतला सरकारी शिक्षक. त्याचा भावी पगार 21 धरू. एकूण 22, त्यातले 11 शेअर्समध्ये हवेत, आणि हातात आहे फक्त 1. तो 1 पूर्ण शेअर्समध्ये गेला तरी उद्दिष्ट दूरच राहतं. त्याच्यासाठी तो सल्ला, कर्जाचा भाग सोडून, बऱ्यापैकी बरोबर आहे.

दुसरी व्यक्ती स्टार्टअपमधली इंजिनियर. तिचा भावी पगार 12, एकूण 13, शेअर्समध्ये हवेत 6.5. पण तिचा पगारच काही अंशी शेअरसारखा वागतो, बाजार पडला की तोही घसरतो. तो 40 टक्के शेअरसारखा असेल तर 4.8 आधीच तिथे आहेत, अजून 1.7 ची जागा उरते आणि सगळी बचत शेअर्समध्ये चालते. 50 टक्के असेल तर 6 आधीच आहेत, जागा अर्ध्याची, म्हणजे निम्मी बचत. 60 टक्के असेल तर 7.2 होतात. उद्दिष्ट आधीच ओलांडलं, बचतीतला एकही पैसा शेअर्समध्ये जायला नको.

अंदाज दहा-दहा टक्क्यांनी सरकला आणि उत्तर "सगळं"वरून "निम्मं" आणि "काहीच नको" असं झालं. बचत भावी पगारापुढे लहान आहे म्हणूनच असं होतं. बचत किरकोळ असल्याचा मुद्दा धीट होण्याचं कारण म्हणून सांगितला जातो. मला तो सावध होण्याचं कारण वाटतो.

हा 40, 50 की 60 नेमकेपणाने कुणालाच मोजता येत नाही. दिशा मात्र पगाराच्या स्लिपवर दिसते. ठरलेला पगार किती, कामगिरीवर मिळणारा हिस्सा किती, कंपनीचे शेअर्स किती, हे वेगवेगळं लिहून काढा. मग तुमच्याच क्षेत्रातल्या जुन्या माणसांना विचारा, 2001 आणि 2008-09 च्या पडझडीत काय झालं होतं? बोनस थांबला का, भरती बंद झाली का, माणसं कमी केली का? एरवीच्या वर्षांत पगार आणि शेअर बाजार यांचा संबंध पुसटच दिसतो, त्यावर विसंबू नका. हानी होते ती वाईट वर्षांत. आणि बचत स्वतःच्याच कंपनीच्या शेअर्समध्ये ठेवणं तर टाळाच. 2001 मध्ये अमेरिकेतली एन्रॉन ही ऊर्जा कंपनी बुडाली तेव्हा अनेक कर्मचाऱ्यांची नोकरी आणि निवृत्तीची बचत एकदमच गेली, कारण बचत त्याच कंपनीच्या शेअर्समध्ये होती.

कर्जाबद्दल मला काहीच तडजोड करावीशी वाटत नाही. भावी पगार विकता येत नाही आणि ब्रोकरकडे तारण म्हणून ठेवता येत नाही. स्वतःचा 1 आणि उधार 1 असे 2 शेअर्समध्ये घातले आणि ब्रोकरची किमान अट 25 टक्के स्वतःच्या हिश्श्याची असेल, तर बाजार एक तृतीयांश पडताच ती अट मोडते. शेअर्सचे 1.33 उरलेले असतात, त्यात तुमचे 0.33. तिथे ब्रोकर पैसे मागतो, नाहीतर शेअर्स विकून मोकळा होतो. तुमच्या पुढच्या 35 वर्षांशी त्याला देणंघेणं नसतं. एवढी पडझड खरंच होते, आणि नोकऱ्याही त्याच सुमारास जातात: ऑक्टोबर 2007 ते मार्च 2009 या काळात अमेरिकेचा एस अँड पी 500 निर्देशांक अर्ध्याहून जास्त पडला होता, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये तिथली बेरोजगारी 10 टक्क्यांवर पोचली होती.

राहिला वेळेचा मुद्दा. जे विकावं लागत नाही, त्याला भरून यायला वेळ मिळतो. इंजिनियरची 1 ची बचत पूर्ण शेअर्समध्ये आहे, बाजार 45 टक्के पडला, बचत 0.55 झाली आणि त्याच सुमारास नोकरी गेली. आठ महिने काम नाही, घरखर्च 0.4. हाती उरले 0.15. बाजार पुढे जुन्या पातळीला आला तरी त्याचे 0.27 होतात. तिने आधीच 0.4 मुदत ठेवीत ठेवले असते, तर खर्च त्यातून भागला असता, शेअर्समधले 0.6 पडून 0.33 झाले असते पण विकावे लागले नसते, आणि बाजार सावरल्यावर पुन्हा 0.6 झाले असते.

शिवाय मंदीत त्या भावी पगारालाही कात्री लागते. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन डेव्हिस आणि टिल फॉन वाख्टर यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कपातीत नोकरी गमावलेल्या पुरुषांची कमाई तपासली. बेरोजगारी 6 टक्क्यांखाली असताना नोकरी गेली, तर आजच्या मूल्याने सरासरी 1.4 वर्षांच्या पगाराएवढं नुकसान झालं. बेरोजगारी 8 टक्क्यांपेक्षा जास्त असताना गेली, तर 2.8 वर्षांचं. नवी नोकरी मिळते, पण अनेकदा कमी पगाराची, आणि ती तूट वर्षानुवर्षं राहते.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नवी नोकरी मिळेपर्यंत लागेल तेवढा खर्च बाजाराबाहेर. शिक्षकाला तो थोडका पुरेल, इंजिनियरला जास्त लागेल. कुणी तुमच्यावर अवलंबून असेल तर टर्म इन्शुरन्स, कारण तुम्ही गेलात तर ही मालमत्ता शून्य होते. उरलेली बचत शेअर्समध्ये खुशाल जास्त ठेवा, पण कर्ज न काढता आणि स्वतःच्या क्षेत्रापासून दूर. नोकरी बदलली की स्लिप पुन्हा काढून बसा. शिक्षक उद्या स्टार्टअपमध्ये गेला तर वय तेच असूनही त्याचं गणित इंजिनियरचं होतं.