पडद्यावरचा काळा डाग आणि "सहा महिन्यांनी या"

"डोळ्याच्या पडद्यावर काळा डाग निघाला म्हणजे कॅन्सरच. डॉक्टर 'सहा महिन्यांनी या, बघू' म्हणत असतील तर त्यांना कळत नाही किंवा फी काढायची आहे. लगेच तुकडा काढून तपासायला लावा, नाहीतर लेझरने जाळून घ्या. वाट बघत बसलात तर डोळा जाईल."

सोलापुरातल्या ग्रुपवर हा मेसेज सध्या जोरात आहे. मी इथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचे फोटो आणि स्कॅन काढते. परवा अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यातले एक मुकादम काका हा मेसेज मोबाइलवर उघडूनच आत आले. शुगरची वार्षिक तपासणी म्हणून बाहुली मोठी करून पडदा बघितला होता आणि डाव्या डोळ्यात डाग निघाला होता. "मॅडम, खरं सांगा, किती दिवस आहेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आधी कॅन्सरचं बघू. असा डाग बहुतेक वेळा तीळ असतो. अंगावर असतो तसाच, फक्त पडद्याच्या खाली रक्तवाहिन्यांचा जो थर असतो, कोरॉइड, त्यात. डॉक्टर त्याला नीवस म्हणतात. पाश्चात्त्य देशांतल्या गोऱ्या प्रौढांत शंभरातल्या साधारण पाच जणांना तो असतो, आपल्याकडे त्याहून कमी. त्याचा मेलानोमा, म्हणजे खरा कॅन्सर, होण्याचं प्रमाण अमेरिकेतल्या एका हिशेबानुसार वर्षाला साधारण ८ ते ९ हजार तिळांमागे एक. भारतीयांत हा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. दुर्मीळ असला तरी होतो आणि झाला तर यकृतापर्यंत पसरू शकतो. म्हणूनच "काही नाही हो, विसरून जा" असंही कोणी सांगत नाही.

काही डाग तर तीळही नसतात. पडद्याच्याच रंगद्रव्याच्या थरात जन्मापासून असलेला एक सपाट, काळाकुट्ट, कडा कापल्यासारख्या स्पष्ट असलेला डाग असतो. तो अनुभवी नजरेला लगेच ओळखू येतो.

आता "कळत नाही" हा आरोप. मेसेजमधलं हेच वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण थांबायचं की नाही हे ठरवण्याची पद्धत अगदी नेमकी आहे. अमेरिकेतल्या विल्स आय हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दोन हजारांवर तिळांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१९ मध्ये धोक्याच्या सहा खुणांची यादी सुधारून मांडली. तिळाची जाडी सोनोग्राफीवर २ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे का, पडद्याखाली पाणी झिरपलंय का, त्याच्यामुळे नजर कमी झालीय का, त्यावर नारिंगी रंग चढलाय का, सोनोग्राफीत तो आतून पोकळ दिसतो का आणि रुंदी ५ मिलिमीटरच्या वर आहे का. एकही खूण नसेल तर पाच वर्षांत मेलानोमा होण्याची शक्यता सुमारे १ टक्का. एक असेल तर ११, दोन असतील तर २२, तीन असतील तर ३४ टक्के. हे आकडे बहुतांशी गोऱ्या रुग्णांचे आहेत, पण खुणांचं महत्त्व आपल्यालाही तेवढंच.

काकांचा डाग या यादीवर ठेवून बघा. डोळ्याच्या मज्जातंतूची गोल चकती साधारण दीड मिलिमीटर रुंद असते. फोटोत डाग तिच्या दुप्पट, म्हणजे ३ मिलिमीटर भरला. प्रकाशाने पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनवर पडद्याखाली पाण्याचा थेंब नाही. नारिंगी रंगासाठी वेगळ्या प्रकाशात फोटो काढला, कारण ते द्रव्य त्यात चमकतं. काही चमकलं नाही. नजर थोडी कमी होती, पण ती दोन्ही डोळ्यांत सारखीच, सुरू झालेल्या मोतीबिंदूमुळे. सोनोग्राफीत पोकळपणा नाही, जाडी १.४ मिलिमीटर. शिवाय डागावर बारीक पिवळे ठिपके होते. डाग जुना आणि शांत असल्याची ती खूण. सहापैकी एकही धोक्याची खूण नाही.

गोंधळ झाला तो जाडीवरून. आमच्या ओसीटीने तीच जाडी ०.७ दाखवली. काकांच्या मुलाने विचारलं, "मग खरं कुठलं?" दोन्ही आपापल्या मापाने खरी. सोनोग्राफीत डागाच्या मागची-पुढची आवरणंही मोजली जातात, म्हणून तीच गाठ ओसीटीपेक्षा बरीच जाड निघते. २ मिलिमीटरची मर्यादा सोनोग्राफीच्या मापाला लावायची. यंदा ओसीटी आणि पुढच्या वर्षी सोनोग्राफी केली, तर एका काडीनेही न वाढलेला तीळ दुप्पट झालेला दिसेल आणि घरभर रडारड होईल. तपासणी कुठेही करा, पण मागच्या वेळच्याच प्रकारच्या यंत्रावर माप घेऊन ते मागच्या मापाशी ताडून घ्या.

तुकडा काढायचा तर बारीक सुई डोळ्यात घालून पडद्यातून खाली न्यावी लागते. त्यात रक्तस्राव होऊ शकतो, पडदा सुटू शकतो. आणि एक मिलिमीटरच्या आसपासच्या सपाट डागातून पुरेशा पेशी हाती लागतीलच असं नाही. काहीच न मिळालेल्या अहवालाला "कॅन्सर नाही" असं समजणं तर आणखी धोक्याचं. लेझरची गोष्ट याहून सोपी आहे. साध्या तिळावर लेझर मारला तर वरचा चांगला पडदा जळतो आणि तिथे दिसण्यात कायमचा खड्डा पडतो. उरलेल्या व्रणाखाली पुढे काही वाढलं तर ते ओळखणंही अवघड.

राहिली वाट बघण्याची गोष्ट. काकांना पहिली फेरी सहा महिन्यांनी, काही बदल नसेल तर नंतर वर्षातून एकदा. त्या दिवशी आम्ही नवा आणि जुना फोटो शेजारी ठेवून डागाची कड कुठल्या रक्तवाहिनीच्या वळणाला लागते ते बघतो. रक्तवाहिन्या जागा सोडत नाहीत, कड सरकली तर लगेच कळतं. काही साधे तीळही, विशेषतः तरुणांत, पंधरा-वीस वर्षांत किंचित पसरतात. वर्षाच्या आत अर्धा मिलिमीटर सरकलेली कड मात्र वेगळी बाब. तशी वाढ किंवा तीन-चार खुणा दिसल्या तर आम्ही डोळ्यांच्या कॅन्सरचा विभाग असलेल्या ठिकाणी पाठवतो. सोलापूरकरांना हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद जवळ पडतं. तिथेही लहान गाठ असेल तर डोळा काढण्याआधी किरणोत्सर्गी चकती शिवून उपचार करण्याचा विचार होतो.

फीबद्दल रागावणाऱ्यांना एवढंच सांगते की फोटोची डिजिटल फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबला जातो, कड पुसट होते, म्हणून ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर. ती जवळ असली की पुढची तपासणी कुठल्याही दवाखान्यात करता येते.

काकांनी जाताना विचारलं, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात ते याचेच का. नाही. पडद्याखालचा तीळ बहुधा स्वतःला दिसत नाही, तरंगणारे ठिपके डोळ्यातल्या जेलीतले. पण ते एकाएकी वाढले, चमका दिसू लागल्या, किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. आणि येताना गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर आणायचं. थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि इथल्या उन्हात डोळे उघडत नाहीत. त्या दिवशी काकांची गाडी मुलानेच घरी नेली.